रिपोर्टवरचा दोनचा आकडा

ग्रेड हा शब्द माझ्या रोजच्या वापरातला. मी शिक्षिका आहे आणि वर्षाच्या शेवटी मुलांच्या प्रगतिपुस्तकात ग्रेड भरण्यात माझे दोन दिवस जातात. तोच शब्द जेव्हा धाकट्या भावाच्या मेंदूच्या गाठीच्या कागदावर वाचला, तेव्हा मला वाटले की हा शब्द तरी मला कळतो. एक म्हणजे सौम्य, चार म्हणजे भयंकर, मग दोन म्हणजे बरेच बरे. घरात सगळ्यांनी हेच गणित मांडले. अम्मीने शुकराना नमाज पढली, भावजयीने तिच्या माहेरी फोन करून सांगितले की घाबरू नका, दोनच आहे. हा दोनचा आकडा स्वतः किती सांगतो आणि किती लपवतो, हे कळायला पुढचे काही महिने जावे लागले. त्या महिन्यांत डॉक्टरांना विचारून, वाचून, पुन्हा विचारून जे समजले ते इथे लिहीत आहे, कारण आपल्या ओळखीपाळखीत कुणाच्या हातात असा कागद आला तर त्याने काय विचारावे हे त्याला माहीत असावे.

भावाचे वय तेव्हा ३८. श्रीगोंद्यात लिंबाच्या आडतीवर तो लिलाव पुकारतो. आवाज खणखणीत, बोली मराठीत, घरी आल्यावर आमची दखनी. २०२३ च्या उन्हाळ्यात लिलाव चालू असताना त्याच्या ओठाचा उजवा कोपरा ओढला जाऊ लागला आणि शब्द थांबले. समोरचे काय बोलतात ते सगळे कळत होते, आकडाही डोक्यात होता, पण तोंडातून निघेना. मिनिटभरात सारे पूर्ववत. घरी येऊन म्हणाला, "आपा, मेरेकू सब मालूम था, बोलनेकूच नै आरा था." कुणी उन्हाचा त्रास म्हणाले, कुणी नजर. गावातल्या डॉक्टरांनी मात्र वर्णन ऐकताच सांगितले की ही फीटच आहे. पडून हातपाय झाडणे म्हणजेच फीट असे नाही. मेंदूच्या एका लहान भागात ठिणगी पडली तर त्या भागाचे काम तेवढे थांबते. उजवा ओठ आणि बोलणे, म्हणजे ठिणगी डाव्या बाजूला. त्यांनी फीटची गोळी सुरू केली आणि नगरला एमआरआयसाठी पाठवले.

एमआरआयमध्ये डाव्या कानशिलाच्या आत लिंबापेक्षा थोडा मोठा, कडा धूसर असलेला पांढरा डाग निघाला. शिरेतून रंगद्रव्य दिल्यावरही तो उजळला नाही. उजळला नाही ही त्यातल्या त्यात बरी खूण, कारण वेगाने वाढणाऱ्या गाठीत नव्या, गळक्या रक्तवाहिन्या तयार होतात आणि रंगद्रव्य तिथे झिरपते. पण ही खूण पक्की नाही, हे आम्हाला तेव्हाच सांगितले गेले. न उजळणाऱ्या गाठीही कधी कधी आतून वाईट निघतात.

नाव सांगितले गेले ग्लायोमा. मेंदूत संदेश नेणाऱ्या पेशी असतात तशा त्यांना आधार देणाऱ्या, त्यांचे पोषण करणाऱ्या पेशीही असतात. त्यांना ग्लिया म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ गोंद. ग्लायोमा म्हणजे या आधार देणाऱ्या पेशींसारख्या दिसणाऱ्या पेशींची गाठ. पहिला धक्का मला या माहितीने बसला की हिला स्टेज नसते. स्तनाच्या किंवा तोंडाच्या कर्करोगात आपण विचारतो, पहिली स्टेज की तिसरी, म्हणजे किती पसरला. ग्लायोमा मेंदूबाहेर जवळजवळ कधीच जात नाही, म्हणून तिथे स्टेज विचारण्यात अर्थ नाही. तिथे ग्रेड असते आणि ग्रेड म्हणजे पसार नव्हे, पेशींचा स्वभाव. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी किती वेगाने दुभंगताना दिसतात, नव्या रक्तवाहिन्यांचे पुंजके झालेत का, मधला भाग मरून कुजला आहे का, यावरून एक ते चार असा आकडा दिला जातो. ग्रेड एकच्या गाठी बहुधा मुलांमध्ये आढळतात, त्यांना कड असते आणि पूर्ण निघाल्या तर रोग संपू शकतो. दोनपासून पुढच्या गाठींचे तसे नाही. एक आणि दोन यांत एका पायरीचे अंतर दिसते, पण तो जिना एकच नाही. दोनवाली गाठ मेंदूत मुरलेली असते.

मुरलेली म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरात समजावणे सोपे आहे. उसाच्या रानात हरळी शिरली की वर दिसते तेवढी खुरपून काढता येते, पण तिच्या मुळ्या जमिनीखालून सरीच्या सरी ओलांडून गेलेल्या असतात. एमआरआयवर दिसतो तो हरळीचा दाट पट्टा. त्याच्यापलीकडे, निरोगी दिसणाऱ्या मेंदूतही, एकेकट्या पेशी मज्जातंतूंच्या वाटेने पुढे गेलेल्या असतात. मग सगळे रानच का खणून काढू नये? हा प्रश्न माझ्या मनात आला तसा शंभर वर्षांपूर्वी एका शल्यविशारदाच्या मनातही आला होता. अमेरिकेत बाल्टिमोरला वॉल्टर डँडी यांनी ज्यांची डावी बाजू आधीच लुळी पडली होती अशा काही रुग्णांचा उजव्या बाजूचा अर्धा मेंदू काढून टाकला आणि १९२८ मध्ये ते प्रसिद्ध केले. तरीही ग्लायोमा हटला नाही. इतके काढूनही जो रोग हटत नाही, त्याच्यासाठी आणखी थोडे काढून भावाची वाचा घालवायची का, हा हिशेब मला त्या एका गोष्टीने कळला.

म्हणून गाठ किती मोठी यापेक्षा ती कुठे आहे याला अधिक वजन येते. तीच गाठ उजव्या कपाळाच्या मागे, अगदी पुढच्या टोकाला असती, तर डाग आणि त्याच्या भोवतीचा थोडा भागही काढता आला असता आणि घरच्यांना फारसा फरक जाणवला नसता. भावाची गाठ डाव्या इन्सुलात होती. हा मेंदूचा एक दुमडलेला कप्पा आहे, कानाच्या पुढे, आत, बाहेरून न दिसणारा. त्याच्या वरून मेंदूच्या मोठ्या धमनीच्या फांद्या जातात आणि शस्त्रक्रिया या फांद्यांच्या मधल्या फटींतून करावी लागते. वरच्या आणि मागच्या अंगाला बोलण्याचे मार्ग आहेत, शब्द शोधणारा भाग आणि शब्द उच्चारणारा भाग यांना जोडणारे. आणि सर्वात आत, गाठीच्या तळाशी, केसासारख्या बारीक धमन्यांचा झुपका आहे. उजव्या हातापायाला आज्ञा नेणाऱ्या तंतूंना रक्त याच धमन्या देतात. त्यातली एक जरी बंद पडली तरी माणूस शस्त्रक्रियेच्या टेबलावरून अर्धांग घेऊन उठू शकतो. त्या वेळी डॉक्टरांचा चाकू त्या तंतूंना लागलेलाही नसतो.

आम्ही आधी ज्या एका शहरातल्या खासगी रुग्णालयात गेलो, तिथे आम्हाला "सगळी काढून टाकू" एवढेच सांगण्यात आले होते. कुठल्या बाजूची, किती, कशाच्या बदल्यात, काही नाही. मग मुंबईला परळच्या टाटा मेमोरियलची वाट धरली. तिथे उलट झाले. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितले की सगळी निघणार नाही, जितकी सुरक्षितपणे निघेल तितकी काढू आणि भावाला जागे ठेवून काढू.

जागे ठेवून! अम्मीने तर कानांवर हात ठेवले. पण मेंदूला स्वतःला वेदना होत नाही. दुखते ते कातडीला आणि मेंदूवरच्या आवरणाला, आणि ते बधिर करता येतात. सुरुवातीला झोपेचे औषध दिले जाते, कवटीचा तुकडा उघडला की झोप उतरवतात. मग डॉक्टर विजेचा अगदी हलका झटका, काही मिलिअँपिअरचा, मेंदूच्या एकेका बिंदूवर देतात आणि त्याच क्षणी रुग्णाला चित्र दाखवतात. त्याने नाव सांगितले तर तो बिंदू मोकळा. शब्द अडला, चुकला किंवा बोलणेच थांबले तर तिथे आकड्याची बारीक चिठ्ठी ठेवतात आणि तो भाग सोडून देतात. झटक्याने फीट येऊ लागली तर मेंदूवर ओतायला बर्फासारखे थंड सलाईन शेजारी तयार असते. पृष्ठभाग झाल्यावर आत जाताना खालच्या तंतूंवरही हेच. म्हणजे नकाशा आधी छापलेला नसतो, तो रुग्णाच्या बोलण्यावरून तिथेच तयार होतो. पुस्तकातला नकाशा वापरता येत नाही, कारण बोलण्याच्या जागा माणसागणिक सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरने सरकलेल्या असतात आणि गाठ हळू वाढणारी असली तर वर्षानुवर्षे मेंदूही त्या जागा बाजूला सरकवत असतो.

शस्त्रक्रियेच्या आधी वाचा-उपचार करणाऱ्या बाई भावाकडून चित्रे ओळखून घेत होत्या. त्यांनी विचारले, घरी कुठली भाषा? तो म्हणाला, मराठी. रुग्णालयात, कचेरीत आपण सगळे असेच उत्तर देतो. भावजय मधेच म्हणाली, मराठी बाजारात, घरी दखनी. बाईंनी लगेच कागद बदलला. त्यांनी सांगितले ते मला फार मोलाचे वाटते. जॉर्ज ओजेमान आणि हॅरी व्हिटाकर या संशोधकांनी १९७८ मध्येच दाखवले होते की दोन भाषा बोलणाऱ्या माणसाच्या मेंदूत काही बिंदू दोन्ही भाषांना सामाईक असतात, तर काही एकाच भाषेचे. एका बिंदूवर झटका दिला तर एक भाषा अडते, दुसरी चालू राहते. म्हणून फक्त मराठीत तपासले असते, तर लिलाव वाचला असता आणि मुलांशी बोलायची भाषा कदाचित दुखावली असती. आपल्यातल्या जवळजवळ प्रत्येक घराला हे लागू आहे. डॉक्टर विचारतील तेव्हा दोन्ही भाषा सांगाव्यात, लाजू नये. "दखनी म्हणजे हिंदीच" असेही म्हणू नये.

ठरल्याप्रमाणे चित्रे दोन्ही भाषांत दाखवली गेली. भाऊ नंतर सांगत होता की एका जागी लिंबाचे चित्र समोर असताना "लिंबू" शब्द ओठांवर येईना, आणि त्याच्या पुढच्याच जागी "लिंबू" निघाला पण "निंबू" अडला. गाठ काढता काढता शेवटी मागच्या बाजूला तो ग्लासाला "पानी" म्हणू लागला, शब्द जवळचा पण चुकीचा. तिथे डॉक्टर थांबले. तळाच्या धमन्यांपाशी तर त्याआधीच थांबले होते. दोन दिवसांनी केलेल्या एमआरआयमध्ये डागाचा बहुतेक भाग गेलेला दिसला. मागच्या आणि तळाच्या अंगाला एक कड ठेवलेली होती. राहून गेलेली नव्हे, ठेवलेली.

पहिल्या दिवसांत त्याचे बोलणे फार कमी झाले होते. सुजेमुळे तसे होते आणि काही आठवड्यांत सुधारते, हे आधी सांगितलेले असूनही काळजाचे पाणी झाले. तिसऱ्या दिवशी अम्मी खुशीत बाहेर आली, म्हणाली, "बोला, अल्हम्दुलिल्लाह, पूरी फातिहा पढ्या, एक हर्फ नै चुक्या." मी आत गेले, पाण्याचा ग्लास दाखवून विचारले, हे काय? तो नुसता बघत राहिला, डोळ्यांत पाणी. वाचा-उपचाराच्या बाईंनी समजावले की लहानपणापासून पाठ असलेली गोष्ट, मग ती सूरह असो, पाढा असो की वारांची नावे, एका सलग माळेसारखी बाहेर येते. ग्लास पाहून "ग्लास" हा एकच मणी शोधून काढणे वेगळे काम आहे आणि मेंदू ते वेगळ्या वाटेने करतो. म्हणून भाषा कितपत परतली हे फातिहा ऐकून ठरवता येत नाही. घरातल्या वस्तू दाखवून, "काल काय झाले ते सांग" असे विचारून ठरवावे लागते. अम्मीला हे पटले, पण ती फातिहा ऐकायची थांबली नाही, आणि तिने थांबावे असे मलाही वाटले नाही. रोज चित्रे आणि गप्पांचा सराव सुरू राहिला. दोन महिन्यांत ग्लास, पेला, लोटा सगळे परतले.

दरम्यान कागद आला. पहिल्या कागदावर एवढेच होते: डिफ्यूज ग्लायोमा, ग्रेड दोन, पुढील तपासण्या चालू. सुरुवातीला म्हटले तो आनंद याच कागदाचा. "पुढील तपासण्या चालू" हे शब्द कुणी वाचले नव्हते. खरे म्हणजे सगळे तिथेच होते.

त्या दिवसांत मुंबईत आमची ओळख मराठवाड्यातल्या एका कुटुंबाशी झाली. साठी ओलांडलेले चाचा आणि त्यांचा तरुण मुलगा. त्यांच्या शहरातल्या रुग्णालयात सुईने गाठीचा तुकडा घेऊन ग्रेड दोन असा रिपोर्ट दिला होता, त्यात गुणसूत्रांच्या तपासणीचा उल्लेखही नव्हता. मुंबईत त्याच तुकड्याच्या काचा आणि मेणात जपलेला ठोकळा पुन्हा तपासला गेला आणि निदान आले ग्लायोब्लास्टोमा, ग्रेड चार. मुलगा माझ्यासमोर दोन्ही कागद धरून विचारत होता, "दोन महिन्यांत दोनचे चार झाले का?" झाले नव्हते. चाचांचा रोग पहिल्या दिवसापासून तोच होता, फक्त नाव आता बरोबर मिळाले होते.

हे कसे घडते ते नीट सांगते. सूक्ष्मदर्शक पेशीचा चेहरा दाखवतो, कुळ दाखवत नाही. २००८ मध्ये ग्लायोमाच्या पेशींची जनुके वाचताना आयडीएच नावाच्या जनुकात एक बदल सापडला. हे जनुक पेशीला इंधन वापरायला मदत करणारे एक प्रथिन तयार करते. त्यात एक विशिष्ट बदल झाला की ते प्रथिन एक निराळेच रसायन बनवू लागते आणि ते साचून पेशीची वाढ बिघडवते. गाठ तयार होते ती यामुळेच, पण गंमत अशी की या कुळातल्या गाठी सावकाश चालतात आणि उपचारांना अधिक साथ देतात. ज्या प्रौढांच्या मुरलेल्या गाठीत हा बदल नसतो, तिचे कुळ बहुधा ग्लायोब्लास्टोमाचे असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणाने हे नियमातच घातले: आयडीएच बदल नाही, आणि टर्ट नावाच्या जनुकाच्या कळीत बदल किंवा तसाच आणखी एखादा ठरावीक दोष सापडला, तर पेशी कितीही शांत दिसोत, ग्रेड चार. सुई ज्या कोपऱ्यात गेली तिथे पेशी शांत असतील, दोन सेंटिमीटरवर नसतील. चाचांच्या बाबतीत आयडीएच बदल नव्हता, टर्टचा होता.

भावाच्या गाठीत आयडीएच बदल होता. मग पुढचा प्रश्न, या कुळाची कुठली शाखा? पहिल्या गुणसूत्राचा आखूड हात आणि एकोणिसाव्या गुणसूत्राचा लांब हात, असे दोन्ही तुकडे गळालेले असतील तर ती ऑलिगोडेंड्रोग्लायोमा. सर्वात संथ आणि औषधांना सर्वात चांगली साथ देणारी शाखा. तुकडे शाबूत असतील तर अ‍ॅस्ट्रोसायटोमा. भावाचे शाबूत होते, आणि एटीआरएक्स नावाचे प्रथिन पेशींतून नाहीसे झालेले होते, जी अ‍ॅस्ट्रोसायटोमाची ओळख. शेवटी आणखी एक दार तपासले गेले. सीडीकेएन-टू-ए हे जनुक पेशीला दुभंगण्यापासून आवरणारा लगाम आहे. त्याच्या दोन्ही प्रती नाहीशा झाल्या असतील तर या शाखेची गाठही थेट ग्रेड चार ठरते, चेहरा कसाही असो. भावाचा लगाम जागेवर होता. आता कागदावर पूर्ण वाक्य आले: अ‍ॅस्ट्रोसायटोमा, आयडीएच बदल असलेला, ग्रेड दोन. आकडा तोच, पण आता त्याला अर्थ होता.

या तपासण्यांतली पहिली साधी आहे. एका रंगाने आयडीएचचा सर्वात नेहमीचा बदल काचेवरच दिसतो, आणि सुमारे दहातले नऊ बदल त्याच प्रकारचे असतात. रंग चढला नाही म्हणजे बदल नाहीच असे, विशेषतः पंचावन्नच्या आतल्या रुग्णात, धरून चालत नाहीत. जनुकाची अक्षरे वाचून खात्री करावी लागते. म्हणून रिपोर्टवर "आयडीएच निगेटिव्ह" दिसले तर कोणत्या पद्धतीने पाहिले हे विचारावे. आणि गाठीचा मेणातला ठोकळा कुठे आहे याची चिठ्ठी जपून ठेवावी. चाचांचा ठोकळा त्यांच्या मुलाने मागून आणला होता, म्हणूनच पुन्हा डोके न उघडता खरे नाव कळले.

चाचांच्या मुलाला माझ्यापेक्षा अवघड प्रश्न होता: किती दिवस? डॉक्टर त्याला मध्यकाबद्दल सांगत होते आणि त्याला वाटत होते की मुदत सांगतात. मध्यक आपण दहावीला शिकवतो. पन्नास मुले उंचीप्रमाणे उभी करा, मधोमधच्या मुलाची उंची म्हणजे मध्यक. निम्मी मुले त्याच्याहून उंच असतातच. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ग्लायोब्लास्टोमाला नुसते किरण दिले तर मध्यक १२.१ महिने आला, किरणांबरोबर टेमोझोलोमाइडच्या गोळ्या दिल्या तर १४.६. अडीच महिन्यांचा फरक, वाचून निराशा वाटते. पण दोन वर्षांनी हयात असलेले पाहिले तर नुसत्या किरणांच्या गटात शंभरात सुमारे १० होते, गोळ्यांच्या गटात सुमारे २६. म्हणजे फायदा सगळ्यांना थोडा थोडा मिळाला नव्हता, काहींना बराच मिळाला होता. कोणाला, हे आणखी एका खुणेने कळले. एमजीएमटी नावाचे प्रथिन औषधाने केलेली मोडतोड दुरुस्त करते. ज्या गाठीत या प्रथिनाच्या जनुकावर रासायनिक कुलूप पडलेले असते, तिथे दुरुस्ती होत नाही आणि औषध लागू पडते. अशा रुग्णांत किरण आणि गोळ्या मिळाल्यावर मध्यक सुमारे २२ महिने निघाला. चाचांच्या गाठीवर कुलूप होते. त्यांनी गोळ्या घ्यायचे ठरवले. ही खूण आयुष्य मोजून देत नाही, पण गोळ्यांचा त्रास सोसायचा की नाही हे ठरवायला त्या वयात तिचा आधार होतो.

भावासाठी गणित वेगळे. ग्रेड दोनच्या गाठींवर अमेरिकेत झालेल्या एका दीर्घ चाचणीत नुसत्या किरणांनी मध्यक ७.८ वर्षे आला, किरणांनंतर औषधे दिली तर १३.३ वर्षे. त्यातल्या काही रुग्णांचे जपलेले ठोकळे पुढे तपासले, तेव्हा औषधांचा फायदा आयडीएच बदल असलेल्यांत दिसला, नसलेल्यांत स्पष्ट दिसला नाही. सगळ्यांच्या कागदावर तोच दोन होता. कड ठेवलेली असल्यामुळे भावाला किरण सुचवले गेले. सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, एकूण तीस वेळा, मग दर महिन्याला पाच दिवस टेमोझोलोमाइड. त्याने मध्यक विचारला नाही. त्याने विचारले, "उन्हाळ्याच्या आत बाजारात जाता येईल का?"

गेला. आवाज पूर्वीइतका लांब जात नाही आणि संध्याकाळी थकल्यावर शब्द अडतात. तेव्हा तो हाताने आकडे दाखवतो, व्यापाऱ्यांना सवय झाली आहे. गाडी चालवत नाही, फीटची गोळी चुकवत नाही. ठरलेल्या काळाने एमआरआय होतो आणि आता मी तो कागद वेगळ्या नजरेने वाचते. ठेवलेल्या कडेची रुंदी मागच्या वेळेइतकीच आहे का, हे पाहते. त्याहून आधी शोधते तो रंगद्रव्याचा उल्लेख. कारण या शाखेची गाठ वर्षांनी चढू शकते, आणि आधी न उजळणारा कोपरा उजळू लागला तर ती चढत असल्याची शंका घ्यावी लागते. किरणांमुळे झालेली इजाही तशीच उजळते, म्हणून एका उजळण्यावर निर्णय होत नाही. काही आठवड्यांनी पुन्हा पाहतात, गरज पडली तर पुन्हा तुकडा घेतात. आयडीएचच्या बिघडलेल्या प्रथिनालाच अडवणारी व्होरासिडेनिब नावाची गोळी २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. ती शस्त्रक्रियेनंतर किरण-औषधे अजून न घेतलेल्यांवर तपासली गेली होती, म्हणून भावाला सध्या ती लागू नाही, असे डॉक्टर म्हणाले. मी नाव वहीत लिहून ठेवले आहे, ठोकळ्याच्या चिठ्ठीशेजारी.